वरून काढलेल्या रेसिपी व्हिडिओत हाताची सावली पडते, उजेड मध्येच कमी-जास्त होतो: काय तपासावं, कोणत्या क्रमानं

मोबाइल वर टांगून, खाली परात ठेवून रेसिपीचा व्हिडिओ काढणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. त्यावर बहुतेकजण पहिला उपाय म्हणून रिंगलाइट आणतात, आणि पुष्कळदा त्याने तक्रार वाढते. म्हणून इथे आधी लक्षणं दिली आहेत, मग फुकटच्या तपासण्या, आणि खर्चाच्या गोष्टी शेवटी. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे, आपलं वांग्याचं भरीत. वरून चित्रित करायला इतका अवघड पदार्थ दुसरा सापडणं कठीण. भाजलेलं साल काळंकुट्ट, आतला गर पांढुरका, मग बडगीत ठेचताना दणके आणि शेवटी फोडणीचा धूर. भरीत नीट निघालं, तर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी अडत नाही.

लक्षणं ओळखा

व्हिडिओ मोबाइलवर नको, शक्यतो टीव्हीवर किंवा कॉम्प्युटरवर मोठा करून बघा. यातलं नेमकं काय दिसतं?

- हाताची गडद, काठ स्पष्ट असलेली सावली नेमकी पदार्थावर पडते.
- एकाच हाताच्या दोन किंवा तीन सावल्या दिसतात.
- ताटाच्या मध्यभागी मोबाइलची चौकोनी सावली, किंवा स्टीलमध्ये मोबाइलचं नाहीतर रिंगलाइटचं प्रतिबिंब दिसतं.
- हात फ्रेममध्ये आला की सगळं चित्र उजळतं किंवा काळवंडतं, हात गेला की परत येतं.
- चित्रावर आडवे पट्टे सरकतात, किंवा उजेड भराभर फडफडतो.
- ठेचताना, चिरताना चित्र थरथरतं.
- सावली नाही, पट्टे नाहीत, तरी काय केलं ते कळत नाही. मनगटानं पदार्थ झाकलेला असतो, किंवा कृती कळायच्या आत संपते.

पहिली तीन लक्षणं उजेडाच्या जागेची, चौथं कॅमेऱ्याच्या सेटिंगचं, पाचवं विजेचं किंवा पंख्याचं, सहावं स्टँडचं आणि सातवं मांडणीचं. एका व्हिडिओत तीन-चार लक्षणं एकत्र असली तरी खालचा क्रम बदलू नका, कारण पहिल्या दोन तपासण्यांतच पुष्कळदा बाकीची निम्मी जातात.

पहिली तपासणी: वरची ट्यूब आणि पंखा बंद करा

याला एक पैसा लागत नाही, तरी ही तपासणी सगळ्यात शेवटी केली जाते. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात ओटा भिंतीला लागून असतो आणि ट्यूब किंवा बल्ब खोलीच्या मध्यावर, नाहीतर मागच्या भिंतीवर. म्हणजे ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की दिवा आपल्या पाठीमागे येतो, आणि डोक्याची, खांद्याची, हाताची सावली थेट ओट्यावर पडते. रोजच्या स्वयंपाकात ती जाणवत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. कॅमेरा तेवढं जुळवून घेत नाही.

खिडकीतून उजेड येत असताना वरची ट्यूब चालू ठेवली, की दोन दिशांनी उजेड येतो आणि हाताच्या दोन सावल्या पडतात. शिवाय खिडकीचा उजेड निळसर आणि साधा बल्ब पिवळा, त्यामुळे भरताचा गर एका बाजूनं निळसर आणि दुसऱ्या बाजूनं हळदीसारखा दिसतो. हा रंग नंतर एडिटिंगमध्ये सुधारत नाही, कारण एक बाजू दुरुस्त केली की दुसरी बिघडते. उजेड एकाच जातीचा हवा. एक तर फक्त खिडकी, नाहीतर फक्त दिवे.

पंख्याचं कारण वेगळं. छताचा पंखा ट्यूब आणि टेबल यांच्या मध्ये आला, की त्याची पाती उजेड कापत राहतात. मिनिटाला ३०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला १५ वेळा सावली टाकतो, आणि व्हिडिओत ती फडफड होऊन दिसते. खान्देशच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून चित्रण करणं सोपं नाही. म्हणून छताचा पंखा बंद ठेवून जमिनीवरचा पंखा किंवा कूलर लावा. फक्त त्याचा वारा स्टँडवर आणि पडद्यावर येऊ देऊ नका, आणि कूलर ज्या टेबलाला किंवा भिंतीला टेकला असेल त्याला स्टँड लावू नका.

दुसरी तपासणी: पेन्सिल उभी करून बघा

ही सगळ्यात उपयोगी चाचणी. जिथे परात ठेवणार तिथे दहा-बारा सेंटिमीटरची पेन्सिल किंवा स्केचपेन उभं धरा. मोबाइल लावायचीही गरज नाही. तिच्या सावलीत तीन गोष्टी बघायच्या: ती कुठल्या दिशेला पडते, किती लांब आहे, आणि तिचा काठ कसा आहे.

दिशा आधी. उजव्या हातानं काम करत असाल तर सावली उजवीकडे, किंवा उजवीकडे आणि थोडी तुमच्याकडे पडायला हवी. म्हणजे उजेड डावीकडून किंवा डाव्या-समोरून यायला हवा. असं झालं की उजव्या हाताची सावली हाताच्याच बाजूला, पदार्थापासून दूर पडते. डावखुऱ्यांनी हे उलटं धरायचं. सावली समोर, म्हणजे तुमच्यापासून लांब पडत असेल तर उजेड पाठीमागून येतो आहे. मग ओट्यावर कितीही दिवे लावले तरी तुमच्याच अंगाची सावली पदार्थावर राहील. ओटा फिरवता येत नाही, म्हणून चित्रणापुरतं काम ओट्यावरून हलवा. खिडकीजवळ टेबल लावा आणि खिडकी डाव्या हाताला येईल असे उभे राहा. टेबल नसेल तर जमिनीवर पाट मांडूनही चालतं, फक्त खिडकीची खालची कड पाटाच्या फार वर नको.

आता लांबी. पेन्सिलीची सावली पेन्सिलीएवढीच असेल तर उजेड ४५ अंशांतून येतो आहे, आणि आपल्याला हवं ते जवळपास हेच. सावली पेन्सिलीच्या निम्मीच असेल तर उजेड फार वरून आहे. याचा मोबाइलच्या सावलीशी थेट संबंध आहे. मोबाइल टेबलापासून ६० सेंटिमीटर वर असेल आणि उजेड ४५ अंशांचा असेल, तर मोबाइलची सावली बरोबर ६० सेंटिमीटर बाजूला, फ्रेमच्या बाहेर पडते. उजेड ७० अंशांवरून आला, तर तीच सावली जेमतेम २२ सेंटिमीटरवर, म्हणजे परातीच्या काठावर येते. मोबाइलच्या भोवती किंवा शेजारी लावलेला रिंगलाइट बरोबर वरून उजेड टाकतो. त्याने हाताची सावली बरोबर हाताखाली, म्हणजे नेमकी पदार्थावर येते, आणि स्टीलमध्ये, तेलाच्या तर्रीवर गोल कडं उमटतं. वरून काढायच्या व्हिडिओसाठी रिंगलाइट घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. घेतलेलाच असेल तर तो मोबाइलपासून सुटा करून डावीकडे लावा. उलट सावली पेन्सिलीच्या दुपटीहून लांब असेल तर उजेड फार खालून येतो, आणि वाटीच्या काठाची सावली वाटीतल्याच मसाल्यावर पडते.

शेवटी काठ. काठ चाकूनं कापल्यासारखा स्पष्ट असेल तर उजेड लहान जागेतून येतो आहे. सावलीचा मऊपणा दिव्याच्या वॅटवर ठरत नाही. पदार्थाच्या जागेवरून बघितल्यावर उजेडाची जागा किती मोठी दिसते, त्यावर तो ठरतो. उघडा बल्ब कितीही प्रखर असला तरी तो ठिपकाच. उन्हाची तिरीप थेट टेबलावर येत असेल तरीही तेच होतं. तिथे खिडकीवर पांढऱ्या धोतराचा किंवा मलमलचा एकेरी कपडा ताणून लावा. ऊन त्या कपड्यावर पडतं आणि सगळा कपडाच उजेडाची जागा होतो. कपडा पांढराच हवा. फिकट हिरवा पडदा असला तर भरीत हिरवट दिसतं. भिंत गडद गुलाबी किंवा पोपटी रंगाची असेल आणि टेबल तिच्या अगदी जवळ असेल, तरी तोच रंग पदार्थावर उतरतो.

उत्तरेची खिडकी असेल तर वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन आत येत नाही आणि उजेड बराच वेळ सारखा राहतो. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारनंतर अवलंबून राहू नका, कारण भरीत भाजून, सोलून, ठेचून होईपर्यंत ऊन सरकतं आणि पहिल्या-शेवटच्या दृश्यांचा उजेड जुळत नाही.

तिसरी तपासणी: उरलेली सावली उचला

दिशा जमली, काठ मऊ झाला, तरी खिडकीच्या विरुद्ध बाजूला परातीचा भाग अंधारा राहतो. त्यासाठी दुसरा दिवा लावायचा मोह होतो. लावू नका, त्याने दुसरी सावली येते. एका पुठ्ठ्यावर पांढरा ड्रॉइंग पेपर चिकटवा, साधारण ५० बाय ७० सेंटिमीटर, आणि तो खिडकीच्या समोर, परातीच्या उजव्या बाजूला, फ्रेमच्या अगदी बाहेर उभा करा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावलीतला भाग उघडतो. तो जितका जवळ, तितका परिणाम जास्त. फ्रेममध्ये दिसू लागेपर्यंत जवळ आणा आणि मग दोन बोटं मागे घ्या. उजव्या हाताला अडथळा होत असेल तर पुठ्ठा थोडा पुढच्या कोपऱ्याकडे फिरवा, म्हणजे हात मागच्या मोकळ्या जागेतून येईल.

सावली पूर्ण पुसायची नाही, हे इथे सांगायला हवं. सावली सगळी गेली की भरीत सपाट, लापशीसारखं दिसतं. शेंगदाणे, कांद्याची पात, मिरचीचे तुकडे वर उठून दिसतात ते त्यांच्या बारीक सावल्यांमुळेच. हाताची सावली मऊ आणि बाजूला असली की काम झालं.

चौथी तपासणी: कॅमेऱ्याचं आपोआप चालणारं डोकं बंद करा

हात आला की चित्र उजळतं किंवा काळवंडतं, याचं कारण मोबाइल प्रत्येक क्षणी उजेडाचा हिशेब नव्यानं करतो. फ्रेममध्ये काळं जास्त आलं की तो चित्र उजळ करतो, पांढरं जास्त आलं की गडद. भरताच्या व्हिडिओत हे हमखास होतं. सुरुवातीला परातीत भाजलेली काळी वांगी असतात, म्हणून मोबाइल सगळं उजळून टाकतो आणि हात पांढरे फटक दिसतात. साल निघून गर दिसू लागला की तो चित्र उतरवतो, आणि शेवटी पांढुरका गर मातकट दिसतो. ज्यानं घरी भरीत खाल्लं आहे त्याला तो रंग लगेच खटकतो.

उपाय असा. परात जागेवर ठेवा, हाताचा पंजा पालथा करून परातीवर, ज्या उंचीवर काम होणार तिथे धरा, आणि स्क्रीनवर त्या हातावर बोट दाबून ठेवा. आयफोनवर AE/AF LOCK असं येतं. बहुतेक अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. त्यानंतर उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा, म्हणजे पुढे येणारा पांढरा गर अति उजळून पांढरा फटक दिसणार नाही. फोकस आणि उजेड दोन्ही बांधले गेले. फोनमध्ये प्रो व्हिडिओची सोय असेल तर व्हाइट बॅलन्सही तिथेच एका आकड्यावर ठेवा. खिडकीच्या उजेडात ५५०० च्या आसपासपासून सुरुवात करून डोळ्याला पांढरं पांढरं दिसेपर्यंत थोडं वर-खाली करा.

एक लक्षात ठेवा: कॅमेरा बंद करून परत उघडला की हे कुलूप बहुतेक फोनवर सुटतं. मध्ये फोन आला, तरीही. म्हणून चित्रणाआधी फोन फ्लाइट मोडवर टाका. आणि फोन पूर्ण खाली बघत असताना त्याला उभं-आडवं कळत नाही, व्हिडिओ मध्येच भलत्या दिशेनं नोंदवला जातो. आधी फोन उभा धरून स्क्रीन फिरणं बंद करा, मगच वर लावा.

सरकणारे पट्टे हे दिव्यांचं काम आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचं शटर त्या तालात नसेल तर पट्टे दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि फ्रेम रेट २५. आयफोनवर २५ चा पर्याय दिसत नसेल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याखाली, व्हिडिओच्या पानावर Show PAL Formats चालू करा. हे करूनही पट्टे राहिले आणि दिव्याला मंद-प्रखर करायचं बटण असेल, तर दिवा पूर्ण प्रखर करून लांब न्या. मंद केल्यावर पुष्कळ स्वस्त दिवे आणखी वेगळ्या तालात लुकलुकतात. आणि फक्त खिडकीच्या उजेडात पट्टे येत असतील, तर कुठलातरी दिवा चालू राहिला आहे, तो शोधा.

पाचवी तपासणी: उंची आणि स्टँड

इथून थोडा खर्च सुरू होतो. आधी उंची मोजा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढताना फ्रेमची लांब बाजू साधारण उंचीच्या सव्वापट भरते. ६० सेंटिमीटर उंचीवरून लांब बाजू ७० ते ७५ आणि आखूड बाजू ४० च्या आसपास मिळते. ३५ सेंटिमीटरची परात त्यात बसते आणि मनगटालाही जागा उरते. फोन-फोनमध्ये फरक पडतो, म्हणून टेबलावर मोजपट्टी ठेवून एकदा बघून घ्या. जागा पुरत नाही म्हणून ०.५ ची वाइड लेन्स वापरू नका. तिच्यात कडेची ताटली लांबट होते आणि हात कोपरापासून ताणल्यासारखा दिसतो. फोन वर न्या.

फोन सरळ खाली बघतो की नाही, हे गोल ताटलीनं कळतं. ताटली फ्रेमच्या मध्ये ठेवा. ती अंड्यासारखी दिसली तर फोन कलला आहे. आयफोनवर फोटोच्या मोडमध्ये ग्रिड आणि लेव्हल चालू असली की मध्ये दोन फुल्या दिसतात. त्या एकमेकींवर आल्या की फोन सपाट झाला. नसेल तर लेन्सजवळ टेपनं दोरा चिकटवून त्याला छोटा नट बांधा. ओळंबा बरोबर फ्रेमच्या मध्यावर दिसला पाहिजे.

आता थरथर. सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे स्टँड टेबलालाच चिमट्यानं लावलेला असतो. बडगीत ठेचायला सुरुवात केली की प्रत्येक दणका टेबलातून दांडीत आणि दांडीच्या टोकाला फोनमध्ये जातो, आणि टोकाला तो मोठा होऊन पोचतो. स्टँडचे पाय जमिनीवर, टेबलाचे पाय वेगळे, एवढं पाळलं की निम्मी थरथर गेली. बडगीखाली चौघडी केलेलं गोणपाट ठेवा, ते फ्रेममध्ये वाईट दिसत नाही. तरीही थरथरलं, तर ठेचायचं काम टेबलावरून जमिनीवर न्या आणि ते दृश्य वेगळं काढा.

कमी खर्चात भक्कम स्टँड हवा असेल तर एका पायाच्या दांडीपेक्षा दोन टोकांना टेकलेली आडवी पट्टी चांगली. टेबलाच्या दोन्ही बाजूंना उंच स्टूल किंवा घडवंची, त्यांवर पाच फुटांची, दीड-दोन इंच जाडीची लाकडी पट्टी दोरीनं घट्ट बांधलेली, आणि मध्ये मोबाइलचा स्क्रूचा होल्डर. दोन्ही टोकं टेकलेली असल्यामुळे ती झोकांडत नाही. खिडकीच्या बाजूचं स्टूल मात्र खिडकीपुढे येऊन उजेड अडवणार नाही असं ठेवा.

ट्रायपॉडला आडवी दांडी असेल तर तोल सांभाळा. फोन आणि होल्डर मिळून २५० ग्रॅम, आणि ते मध्यापासून ५० सेंटिमीटर लांब असतील, तर दुसऱ्या बाजूला १२ ते १३ सेंटिमीटरवर एक किलोचं वजन लागतं. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली बरोबर तेवढी होते. दांडी नेहमी ट्रायपॉडच्या एका पायाच्या रेषेत पुढे काढा, दोन पायांच्या मधल्या फटीतून नको. आणि स्टँड कुठलाही असो, फोनला सुतळीचा फास घालून तो दांडीला वेगळा बांधा. होल्डरची स्प्रिंग उष्णतेनं आणि तेलानं ढिली पडते.

पेटत्या गॅसच्या बरोबर वर फोन टांगू नका. वाफेनं लेन्सवर धुकं येतं, फोडणीचे तेलाचे थेंब त्यावर बसतात, आणि फोन तापतो. आयफोनसाठी कंपनीनंच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगितलं आहे, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरची हवाच त्याच्या वर असते. फोडणीचं दृश्य हवंच असेल तर कढई गॅसवर तापवून, लाकडी पाटावर उतरवून टेबलावर आणा. तेल तापलेलं असतं, मोहरी आणि लसूण तिथेही तडतडतात. फोन ८०-९० सेंटिमीटर वर घ्या आणि २ पट झूम लावा. तीस-तीस सेकंदांचे तुकडे काढा आणि मधल्या वेळात दांडी बाजूला फिरवा. वांगी तुरखाट्यांवर भाजायचं दृश्य वरून काढूच नका. ते बाजूनं, फोन हातात धरून काढा.

सहावी तपासणी: विकतचा दिवा

खिडकी नाहीच, किंवा चित्रण रात्रीच करावं लागतं, अशा वेळी. चार फुटांच्या २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब घ्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच रंगाच्या. त्या एकमेकींवर वीतभर अंतरावर आडव्या, एका उभ्या चौकटीवर बसवा. त्यांच्या पुढे साधारण एक फुटावर पांढरा कपडा ताणा. ही चौकट डावीकडे, परातीपासून ७० सेंटिमीटर लांब आणि कपड्याचा मध्य परातीच्या ७० सेंटिमीटर वर येईल अशी लावा. पेन्सिल उभी करून बघा, सावली पेन्सिलीएवढी आली पाहिजे. विकतचा सॉफ्टबॉक्स घेतला तरी तो याच जागी लागतो. हॅलोजनवर कपडा किंवा बटरपेपर कधीही लावू नका, पेट घेतो.

हात आणि वेग

उजेड जमल्यावर फ्रेमची हद्द टेबलावर मास्किंग टेपनं आखा, टेप फ्रेमच्या एक बोट बाहेर. वर बघायची गरज उरत नाही, आणि फोनमध्ये डोकावताना कपाळ फ्रेममध्ये येण्याची चूकही जाते. परात मध्यापेक्षा थोडी वर सरकवा, म्हणजे खालच्या बाजूला मनगटांना जागा मिळते. हात खालून सरळ न आणता उजव्या-खालच्या कोपऱ्यातून तिरका आणा. चमचा टोकाला धरा. वाटीतून काही ओतताना वाटी परातीच्या काठाबाहेर धरून आत कलती करा. मध्यावर आणून ओतली तर वाटीचा बूड दिसतो, आत पडणारं दिसत नाही.

वेगाचा एकच नियम: रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर दोन सेकंद रिकामी फ्रेम, मग हात आत, कृती, हात पूर्ण बाहेर, परत दोन सेकंद. हे मोकळे सेकंद नसले की कापताना प्रत्येक जोड हात अर्धा आत असतानाच येतो, आणि बघणाऱ्याला घाई झाल्यासारखं वाटतं.

एक किलो भरताच्या वांग्यांचा, साधारण एक मिनिटाचा व्हिडिओ असा बसतो. वांग्याला तेल लावणं ५ सेकंद. भाजणं प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटांचं, पण दाखवायला तीन दृश्यं पुरतात, प्रत्येकी ३ सेकंद: कच्चं, एका बाजूनं काळं झालेलं, आणि साल फुटून पाणी सुटलेलं. सोलणं १० सेकंद, त्यातला पहिला हात खऱ्या वेगानं आणि बाकी चौपट. ठेचणं ८. तेलात मिरची, लसूण, शेंगदाणे १२, आणि हे अजिबात वेगवान करायचं नाही, कारण लसणाचा रंग कुठे थांबवायचा हे बघणाऱ्याला इथेच कळतं. फोडणी गरात कालवणं ८, कांद्याची पात आणि कोथिंबीर ५, पुरीसोबत वाढणं ६. मिळून ६३ सेकंद. सोलणं आणि ठेचणं हे तेच-ते काम आहे, तिथे वेग वाढवला तरी काही हरवत नाही. जिथे रंग, फेस किंवा घट्टपणा बघून ठरवायचं असतं, तिथे खरा वेळ द्यावाच लागतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

दिवा फडफडतो तेव्हा घरातले बाकीचे दिवेही मंद होतात का, ते बघा. मिक्सर, फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना सगळेच दिवे दबत असतील, किंवा कधी एकदम प्रखर होत असतील, तर हा कॅमेऱ्याचा प्रश्न नाही. न्यूट्रल सैल असण्याचीही शक्यता असते, आणि त्यात फ्रिज-टीव्ही जळतात. चित्रण थांबवा, मेन बंद करा आणि वायरमन बोलवा. बोर्डातून जळका वास किंवा चरचर येत असेल तर तोवर त्या खोलीतलं बटणसुद्धा दाबू नका. एलईडी ट्यूबची चौकट घरी बनवली तरी तिची जोडणी, प्लग आणि अर्थिंग वायरमनकडूनच करून घ्या. ओट्याजवळ पाणी असतं.

छताला कायमची दांडी बसवायची असेल तर पंख्याच्या हुकाला फोन किंवा दिवा लटकवू नका, आणि स्लॅबमध्ये स्वतः ड्रिल मारू नका. आत वायरची नळी कुठून गेली आहे ते माहीत असणारा माणूस लागतो. पत्र्याच्या छताला तर काहीच टांगू नये, वाऱ्यानं ते हलतं आणि फोनही हलतो. तिथे दोन स्टुलांची पट्टीच बरी.

लेन्स बाहेरून मऊ कपड्यानं पुसूनही चित्र धुरकट राहिलं, तर उजेडासमोर फोन तिरका धरून बघा. काचेच्या आत धुकं किंवा तेलाचा डाग दिसला तर वाफ आत शिरली आहे. तांदळात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं यातलं काही करू नका. फोन बंद करून सर्व्हिस सेंटरला द्या. फोनची पाठ फुगलेली दिसली, किंवा स्क्रीन एका कडेनं उचललेली दिसली, तर बॅटरी गेली आहे. तो फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही आणि पेटत्या शेगडीच्या आसपास तर आणायचाच नाही.